मोठ्या जहाजांच्या नाळेखाली तो भोपळा कशासाठी?

अवंती_प
न्हावा शेव्याला जवळजवळ रिकामं कंटेनर जहाज लागलेलं पाहिलं. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या खाली, अर्धं पाण्याबाहेर, लाल रंगाचं भलंमोठं गोल नाक. पाणी कापायचं तर पुढे धार हवी ना? मग सगळ्यात पुढे भोपळा का लावतात? आणि दुसरं, काही कंपन्या चांगल्या चालत्या जहाजांची ही नाकं कापून वेगळ्या आकाराची बसवतात असं वाचलं. एवढं पोलाद कापून फेकायला कारण काय?

मंदार_७२
सोपं आहे. पाणबुडीचं तोंडही गोलच असतं. गोल आकारावरून पाणी सुरळीत वाहतं, त्यामुळे घर्षण कमी होतं. शिवाय आत पोकळी असल्याने नाळ लाटेवर उचलली जाते. याला बल्बस बो म्हणतात.

सुकाणू
मंदारराव, नाव बरोबर, पाणबुडीची आठवणही उपयोगी, पण घर्षणाचं उलटं आहे. बल्ब लावला की भिजणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे घर्षण वाढतंच. २८० मीटरच्या कंटेनर जहाजावर बल्बमुळे शंभर-दीडशे चौरस मीटर जादा पत्रा पाण्यात जातो. सगळा भिजणारा भाग बारा-तेरा हजार चौरस मीटरचा, त्यामुळे ही वाढ साधारण एक टक्का. हा तोटा पत्करून फायदा मिळतो तो लाटांमध्ये.

पाणबुडी खोल असताना लाटा उठवत नाही, म्हणून तिला गोल तोंड चालतं. जहाज मात्र पाणी आणि हवा यांच्या सीमेवर चालतं. नाळेपाशी पाणी अडतं, दाब वाढतो, आणि वर मोकळी हवा असल्याने पाणी वर चढतं. तीच नाळेची लाट. ती उचलायला लागणारी ऊर्जा इंजिनातून येते आणि लाट मागे पसरत निघून जाते, परत काही मिळत नाही. पोलादी जहाजाने कायमचं डिझेल सांडत जावं तसं.

आता पाण्याखाली थोड्या खोलीवर एक गोळा पुढे सरकतोय असं समजा. त्याच्या पाठीवरून जाताना पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि वरचा पृष्ठभाग खाली बसतो. म्हणजे गोळ्याच्या मागे पहिला येतो तो खळगा. हा खळगा नेमका नाळेच्या लाटेच्या शिखरावर आणून ठेवला की दोन्ही एकमेकांना खातात. अवंतीताई, धार पाणी कापते हे खरं, पण कापलेलं पाणी कुठेतरी जायला हवंच. ते वर जातं. बल्बचं काम त्याला वर जाऊ न देण्याचं.

आतल्या पोकळीबद्दल: तिथे बहुधा फोरपीक टाकी असते, म्हणजे जहाज हलकं असताना वजनासाठी भरायचं बॅलास्टचं पाणी. तरंगण्यासाठी तिचा भरवसा नसतो.

फ्रूडचा_चेला
सुकाणूंनी लाटेची लांबी सांगितली नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. खोल पाण्यात जहाजाबरोबर चालणाऱ्या आडव्या लाटेची लांबी फक्त वेगावर ठरते, जहाज कोणतंही असो:

```
λ = 2πV² / g
Fr = V / √(gL)
```

λ लाटेची लांबी, V वेग मीटर प्रति सेकंदात, L जहाजाची लांबी, g गुरुत्वत्वरण. २४.५ नॉट म्हणजे १२.६ मी./से., लाट सुमारे १०२ मीटर. १७ नॉटला तीच लाट ४९ मीटर. वेग एक तृतीयांशही उतरला नाही आणि लाट निम्म्याहून कमी झाली, कारण वर्ग आहे.

दुसरं सूत्र फ्रूड अंक. २८० मीटर जहाजाला २४.५ नॉटला तो ०.२४ येतो, १७ नॉटला ०.१६७. ३२० मीटरचं तेलवाहू जहाज १५ नॉटला ०.१४ वर असतं. या अंकावरूनच कळतं की लाटांचा खर्च मोठा की घर्षणाचा. ०.१४ ला बहुतांश खर्च घर्षणाचा असतो. ०.२४ ला लाटांचा वाटा जाणवेल इतका होतो. आणि ०.४ ला लाट जहाजाएवढी लांब होते, मग जहाज आपल्याच लाटेचा चढ चढत राहतं.

विल्यम फ्रूड यांनी टॉर्कीजवळ प्रतिकृती ओढायचा हौद बांधला तो १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, याच हिशेबासाठी. बल्ब मात्र त्यांचा नव्हे. तो अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर यांचा, १९१० साली सेवेत आलेल्या डेलावेअर युद्धनौकेवर.

शंकेखोर
डेलावेअरवर होता तर मालवाहू जहाजांवर यायला पन्नास वर्षं का लागली?

फ्रूडचा_चेला
मधल्या काळात वेगवान प्रवासी जहाजांवर होताच, १९२९ च्या ब्रेमेनवर वगैरे. पण तो लहान, आणि 'लावला तर थोडा फायदा होतो' एवढीच समज. तोक्यो विद्यापीठाच्या ताकाओ इनुई यांनी १९६० च्या सुमारास उलटा विचार केला: आधी नाळेची लाट मोजायची, मग तिला नेमकी उलटी लाट उठवणारा गोळा काढायचा. त्यातून बल्ब एकदम मोठा झाला. कुरेनाई मारू या जपानी प्रवासी जहाजावर तो लावून, बल्ब नसलेल्या जुळ्या जहाजाशी समुद्रातच तुलना केली. तेव्हा लोकांना पटलं.

निवृत्त_खलाशी
गणित तुम्ही करा, मी डोळ्यांनी ओळखायची खूण सांगतो. पुढच्या डेकवरून खाली वाकून बघायचं (रेलिंग धरून!). बल्ब नीट बुडालेला असेल आणि वेग जुळत असेल तर त्याच्या पाठीवरून पाण्याची गुळगुळीत, काचेसारखी चादर सरकते आणि नाळेच्या बाजूने शांतपणे मागे जाते. जुळत नसेल तर नाळेच्या पुढेच पांढरा फेसाळ बांध उभा राहतो, बुलडोझरसमोर माती साचते तसा. त्याचा घरघर आवाजही येतो. फेस दिसला की समजायचं, तेल त्या फेसात चाललंय.

अवंतीताईंनी पाहिलेलं जहाज हलकं होतं म्हणून बल्ब अर्धा बाहेर. बंदरात ठीक. पण तसंच समुद्रात चालवलं तर बल्ब पाण्याखालचा गोळा राहत नाही, तो बोथट नाळ होतो. म्हणून बॅलास्ट घेऊन तो बुडवायचा किंवा ट्रिम, म्हणजे जहाजाचा पुढे-मागे कल, बदलायची. ट्रिमचे तक्ते असतात, या ड्राफ्टला, म्हणजे जहाज पाण्यात इतकं खोल बसलेलं असताना, या वेगाला नाळ इतकी खाली ठेवा असे. भरून मागे बसलेलं जहाज दिसायला ऐटदार, पण ते बऱ्याचदा महागात पडतं.

जाता जाता: भरलेल्या जहाजावर बल्ब दिसत नाही, म्हणून नाळेच्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या वर पांढऱ्या रंगात बल्बची खूण काढतात. टगवाल्यांना कळावं, खाली पोलाद पुढे आलंय.

मंदार_७२
घर्षणाचं मान्य. पण युद्धनौकेच्या जलावतरणाचा माझगावचा फोटो पाहिला होता, तिलाही नाळेखाली असाच फुगवटा होता. तिथे वेग तर सारखा बदलतो.

सुकाणू
तो बहुतेक सोनारचा घुमट. दिसायला भाऊ, कामाने वेगळा. आत पाणबुड्या ऐकणारं यंत्र असतं, पंख्याच्या आवाजापासून दूर म्हणून नाळेत. ओळखायची खूण म्हणजे तो बल्बपेक्षा खाली असतो, बरेचदा तळाच्या रेषेच्याही खाली उतरलेला, आणि फारसा पुढे आलेला नसतो. व्यापारी जहाजाचा बल्ब पुढे आणि वर, कारण त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचायचं असतं.

हे 'पोहोचणं' महत्त्वाचं आहे, अवंतीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एक उदाहरण सोडवू.

समजा २८० मीटरचं कंटेनर जहाज, २४.५ नॉट आणि १२.५ मीटर ड्राफ्टसाठी काढलेलं. बल्बचा मध्य तळापासून ६.५ मीटर वर, माथा १० मीटर वर. म्हणजे आराखड्याच्या ड्राफ्टला मध्य ६ मीटर खोल, माथ्यावर अडीच मीटर पाणी. मग तेल महागलं, बाजार मंदावला, आणि जहाज १७ नॉटने चालू लागलं. शक्ती वेगाच्या घनाने धरली तर इंजिनावर पूर्वीच्या एक तृतीयांश भार. मालकाला बचत दिसली, पण बल्ब तोच राहिला.

पाण्याखालच्या वस्तूचा पृष्ठभागावरचा परिणाम खोलीबरोबर विरत जातो, आणि किती विरतो ते लाटेच्या लांबीवर ठरतं. लांब लाट खोलवर 'दिसते', आखूड लाटेला खोलचं काही कळत नाही. ढोबळ गणितात हा घटक e^(−gd/V²) असा येतो, d म्हणजे खोली. ६ मीटरला २४.५ नॉटवर तो ०.६९ येतो, १७ नॉटवर ०.४६. म्हणजे तोच बल्ब, तेवढाच बुडालेला, पण त्याचा हात आता पृष्ठभागापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय ज्या लाटेशी लढायचं तीच खुजी झाली. अडलेलं पाणी जास्तीत जास्त V²/2g इतकंच चढू शकतं: पूर्वी ८.१ मीटर, आता ३.९. प्रत्यक्षात दोन्ही वेळा त्याहून कमी चढतं, पण प्रमाण कळावं. घर्षणाचा तो एक टक्का मात्र आहे तिथेच.

शंकेखोर
मग ड्राफ्ट कमी झाला की बल्ब पृष्ठभागाजवळ येईल. हात पोहोचला की! मालही कमीच असतो मंदीत.

सुकाणू
हा प्रश्न आवडला. ड्राफ्ट १०.५ केला तर मध्य ४ मीटरवर येतो, तो घटक ०.६० होतो. कागदावर सुधारणा. पण माथ्यावर पाणी उरलं फक्त अर्धा मीटर. एवढ्या पातळ थरात पाणी वेग घेतं, ताणलं जातं आणि फुटतं. खलाशीकाकांचा पांढरा बांध तो हाच. फुटलेल्या लाटेला दुसऱ्या लाटेने खोडता येत नाही, ती ऊर्जा भोवऱ्यांत गेली. वरचं सोपं सूत्र हे फुटणं पाहतच नाही, म्हणून या टप्प्यावर ते सोडून द्यायचं आणि संगणकावर प्रवाह सोडवायचा किंवा हौदात प्रतिकृती ओढायची.

थोडक्यात अवंतीताई, नाक चुकीचं नव्हतं, वेग आणि ड्राफ्ट बदलले. मर्स्कने २०१३ च्या सुमारास आपल्या काही मोठ्या कंटेनर जहाजांची नाकं याच कारणाने बदलली.

अवंती_प
समजलं! पण नवा आकार ठरवतात कसा? आता १७ नॉटसाठी काढला आणि उद्या परत २२ ने पळवलं तर?

सुकाणू
म्हणून एका वेगासाठी काढत नाहीत. आधी वर्ष-दोन वर्षांचे दुपारचे अहवाल घेतात (जहाज रोज दुपारी वेग, ड्राफ्ट, तेल कळवतं तेच). त्यातून एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला ड्राफ्ट असा चौकटींचा तक्ता करून प्रत्येक चौकटीत तास मोजतात. सगळ्यात भरलेल्या पाच-सहा चौकटी निवडायच्या. मग बल्बची लांबी, टोकाची उंची आणि फुगवटा बदलत अनेक आकार प्रत्येक चौकटीत तपासायचे, आणि लागणारी शक्ती तासांच्या वजनाने बेरजेला घ्यायची. जो जिंकतो तो कुठल्याच एका चौकटीत बहुधा सर्वोत्तम नसतो. सहसा नवं नाक आधीपेक्षा बारीक निघतं, पण डोळे मिटून तसंच धरू नये.

कापायची जागा टक्कररोधक आडव्या भिंतीच्या पुढे ठेवतात, म्हणजे फक्त फोरपीक उघडते. नवा ठोकळा आधीच तयार असतो. गोदीत जुना उतरवून नवा जुळवताना खरी डोकेदुखी आतल्या फळ्यांची. बाहेरचा पत्रा सुबक जुळतो आणि आतली आडवी फळी जुन्या फळीपेक्षा अर्ध्या जाडीने सरकलेली असते. तिथे पुढे तडा जातो, कारण नाळ लाटांवर आपटते तेव्हा भार त्याच सांध्यातून जातो. म्हणून वेल्डिंगआधी जुळणीची तपासणी, नंतर ध्वनिलहरींची, मग टाकीत पाण्याचा दाब.

हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे नांगर. तो सोडताना बल्बवर आदळता कामा नये, जहाज थोडं कललेलं असलं तरी. नवा बल्ब रुंद किंवा वर उचललेला असेल तर नांगर सोडून बघितल्याशिवाय गोदी सोडू नये. बल्बचं आकारमान बदललं म्हणून तरणक्षमतेचे तक्ते आणि माल लादायचा संगणकही अद्ययावत करावा लागतो.

फ्रूडचा_चेला
एक भर. सगळं श्रेय नाकाला देऊ नका. नाळेमागे जिथे सांगाडा रुंद होत जाऊन सरळ होतो, त्या 'खांद्या'वर दाब एकदम उतरतो आणि तिथूनही लाटांची वेगळी माळ निघते. कंटेनर जहाजात पाण्याच्या रेषेवर नाळेचा अर्धा कोन दहा अंशांच्या आसपास ठेवतात आणि खांदा लांबवर हळूहळू वळवतात. धान्य-कोळशाच्या जहाजाला पोट भरायचं असतं, त्यामुळे नाळ बोथट आणि खांदा आखूड. तिथे फक्त बल्ब बदलून चमत्कार मागणाऱ्याला खांद्याची लाट तशीच दिसत राहते.

हर्णैकर
आमच्या चुलत्यांचा ट्रॉलर आहे, १४ मीटर, पाण्याच्या रेषेवर साडेबारा. ८ नॉटने जातो. डिझेल परवडत नाही. फायबरचा बल्ब करून लावला तर? एक कारागीर तयार आहे, १५ टक्के वाचेल म्हणतो.

फ्रूडचा_चेला
तुमचा फ्रूड अंक ०.३७, मोठ्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त! लाट जवळजवळ ११ मीटर, म्हणजे नावेएवढीच. तत्त्वतः बल्बला इथे भरपूर काम आहे, आणि परदेशात मासेमारीच्या बोटींना लावतातही.

निवृत्त_खलाशी
तत्त्वतः. पण दादा, जाळं ओढताना वेग किती? तीनेक नॉट. तेव्हा ओझं जाळ्याचं, लाटेचं नाही. बल्ब फक्त जाण्या-येण्यात कामाचा. त्यात ओहोटीला नाव टेकते, नांगराचा दोर बल्बला गुंडाळतो, आणि पश्चिमेच्या उसळीत १४ मीटरची नाव नाळ बाहेर काढून आपटते तेव्हा फायबरचा सांधा किती दिवस टिकेल? बर्फ-डिझेल भरून निघालेली आणि मासळी घेऊन परतलेली नाव एकाच पाण्यात बसत नाही, मग बल्ब कुठल्या ड्राफ्टला काढायचा?

सुकाणू
आणि १५ टक्के हा आकडा तुमची नाव ओढून न बघता कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. आधी फुकटचा उपाय करून बघा. जाता-येता ८ ऐवजी ७ नॉट. नुसत्या घनाच्या हिशेबाने शक्ती एक तृतीयांश उतरते. वेळ जास्त लागतो, तो धरूनही तेवढ्याच अंतराला डिझेल चौथ्या हिश्शाच्या आसपास कमी. तुम्ही ज्या पट्ट्यात आहात तिथे लाटेचा चढ घनापेक्षा तीव्र असतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून बरं दिसायला हवं. टाकीत काठी घालून दोन-दोन फेऱ्या मोजा.

हर्णैकर
७ ने आलो तर लिलावाला उशीर होतो, भाव पडतो. ते गणित कोण करणार? :) पण जाताना करून बघतो.

शंकेखोर
मोठ्या जहाजांकडे परत. बल्ब बदलून इतके टक्के वाचले असं छापून येतं, पण त्याच गोदीत तळ खरवडून नवा रंग दिलेला असतो आणि पंखाही घासलेला असतो. शेवाळ-शिंपल्या गेल्यानेच किती वाचलं असेल! मग बल्बचा वाटा वेगळा काढला कसा?

सुकाणू
रास्त आहे. जुळं जहाज त्याच सुमारास गोदीत जाऊन बल्ब न बदलता निघालं असेल तर त्याच्याशी तुलना करता येते. नाहीतर शाफ्टवरचा टॉर्क मोजून, शांत हवेत, तोच ड्राफ्ट आणि पाण्यातला तोच वेग ठेवून, प्रवाह खोडायला समोरासमोर दोन फेऱ्या. आणि रंगाचा परिणाम वेगवेगळ्या वेगांना साधारण सारखाच दिसतो, तर बल्बचा एका वेगाला जास्त आणि दुसऱ्याला कमी. वक्राचा आकार बदलला तर बल्ब, नुसता वक्र खाली सरकला तर रंग. ढोबळ आहे, पण नुसत्या तेलाच्या पावतीपेक्षा बरं.

शंकेखोर
ढोबळच. आणि हे सगळं सपाट पाण्यातलं. जूनमधल्या अरबी समुद्रात नाळ वर-खाली होते, बल्ब क्षणात बाहेर, क्षणात दहा मीटर आत. तेव्हा ते लाट-खोडणं कुठे उरलं? नव्या बऱ्याच तेलवाहू जहाजांना सरळ उभी नाळ दिसते, बल्बच नाही. त्यांना काहीतरी कळलं असेल.

फ्रूडचा_चेला
०.१४ फ्रूड अंकाला लाटेचा खर्चच लहान, त्यामुळे तिथे उभी, टोकदार नाळ समोरून येणाऱ्या लाटांत कमी अडते हा फायदा मोठा ठरू शकतो. शिवाय उभ्या नाळेने पाण्याच्या रेषेची लांबी वाढते. ०.२४ ला मी बल्ब सोडणार नाही.

निवृत्त_खलाशी
मी पावसाळ्यात सोडेन. नाळ आपटते तेव्हा वेग कॅप्टनच उतरवतो, तुमचा फ्रूड अंक गेला तेल लावत.

सुकाणू
दोघांचं भांडण त्या चौकटींच्या तक्त्यावरच सुटेल, फक्त त्यात तिसरी बाजू घालावी लागेल: लाटांची उंची. मार्ग सांगा, मग बोलू. नाळेची लाट सिंगापूर-कोलंबोला वेगळी आणि उत्तर अटलांटिकला वेगळी तपासावी लागेल.

अवंती_प
पुढच्या वेळी पांढरी बल्बची खूण शोधते. आणि फेस.